दुसऱ्या हाताचा गर

पेरूचा गर विकणाऱ्या या बाईंना बाजारात नावाने कोणी ओळखत नसे. ‘एकभाव’ म्हटले की पुरत असे. हे नाव नेमके कोणी ठेवले याबद्दल एकवाक्यता नाही. फळांचा आडत्या ते श्रेय स्वतःकडे घेतो. बाईंच्या धाकट्या जाऊबाई म्हणतात, आडत्याला साधे स्वतःच्या दुकानाचे नाव सुचले नव्हते, तो दुसऱ्याला काय नाव ठेवणार. नावामागची गोष्ट मात्र दोघे सारखीच सांगतात: हंगाम असो वा नसो, ओळखीचा असो वा परका, बाईंच्या गराचा किलोमागचा भाव वर्षभर साठ रुपये. घासाघीस करणाऱ्याला त्या पाण्याचा पेला देत आणि विचारत, “दमलात ना?”

घराच्या मागे दोन खोल्या होत्या. पुढच्या खोलीत पत्र्याचे लांब टेबल, त्यावर निवडलेले पेरू. आतल्या खोलीत गरम पाण्याचे पातेले आणि पल्पर, म्हणजे फिरत्या चाळणीतून गर खाली पाडून बिया आणि साल दुसऱ्या तोंडाने बाहेर टाकणारे यंत्र. हंगामाच्या ऐन भरात, बाजारात ढीग लागले की बाई खरेदीला उतरत. खाणाऱ्याला कडक फळ हवे असते. उद्यापर्यंत टिकणार नाही असे पिवळे, मऊ, घमघमणारे फळ व्यापाऱ्याला नकोसे होते आणि गर काढणाऱ्याला तेच हवे असते. ते त्यांना वीस रुपये किलोने मिळे. शंभर किलो फळातून सत्तर किलोच्या आसपास गर निघे. म्हणजे किलोभर गरात फळच साडेअठ्ठावीस रुपयांचे. मजुरी, गॅस, वीज आणि पिशव्या मिळून साडेचौदा. पिशवीचे तोंड बांधून ती शीतगृहाकडे निघेपर्यंत किलोला त्रेचाळीस रुपये पडलेले असत.

येथवर हिशेबात खोट नव्हती. चूक पुढे होती, आणि ती अडाणीपणाची नव्हती. उलट ती हिशेबी माणसाचीच चूक होती. शीतगृहाचे भाडे किलोला महिन्याला दीड रुपया, आणि महिना लागला की पूर्ण महिन्याचे. फळ घ्यायला पतपेढीतून उचललेल्या रकमेचे व्याज धरले तर त्यावर आणखी पासष्ट पैसे. बाईंनी विचार केला: गर दहा महिने विकायचा, तर सरासरी पाच महिने तो थंडीत राहील. पाच महिन्यांचे पावणेअकरा रुपये. त्रेचाळीसमध्ये मिळवले की चोपन्नच्या आत. साठला विकले तर सहा रुपये सुटतात.

पण त्यांनी सरासरी महिन्यांची काढली होती, किलोंची नव्हे. हंगामात पेरू दारोदार मिळत असताना गर विकत कोण घेणार? पहिले चार महिने पिशव्या जेमतेम हलत. खरी मागणी येई ती फळ बाजारातून दिसेनासे झाल्यावर, सातव्या महिन्यानंतर. बहुतेक माल तोवर भाडे खात पडून राही. आठवा महिना लागला की साठ रुपयांची पिशवी बाईंना साठ रुपयांनाच पडे, आणि त्यानंतरची प्रत्येक पिशवी पदरमोड करून जाई.

दोन हंगाम त्यांच्या हाती काही उरले नाही. तिसऱ्या हंगामाआधी त्यांना कारण कळले. भाव वाढवणे हा उपाय होता. तो त्यांनी केला नाही. का केला नाही, याचे त्यांनी मला दिलेले पहिले उत्तर होते, “गिऱ्हाईक तुटलं असतं.” ते मला पटले नाही, आणि काही वेळाने त्यांनाही पटले नाही. “लोक काय म्हणाले असते,” असे मग त्या म्हणाल्या. “एकभाव म्हणून मिरवत होते ना मी.”

पल्परमधून बाहेर पडलेल्या बियांना आणि सालीला बराच गर चिकटलेला असतो. त्यावर गरम पाणी घालून तो चोथा पुन्हा यंत्रातून काढला की पातळसर, फिक्या चवीचा गर मिळतो. या कामात त्याला ‘दुसरा हात’ म्हणतात. सरबतवाल्याला तसे सांगून तो स्वस्तात देण्यात गैर काहीच नाही. बाईंनी तो सांगून दिला नाही. तीन भाग पहिल्या हाताचा आणि एक भाग दुसऱ्या हाताचा असे मिसळून त्यांनी वेगळ्या पिशव्या भरल्या, त्यांची तोंडे निळ्या दोऱ्याने बांधली आणि शीतगृहात मागच्या रांगेत लावायला सांगितल्या. मागची रांग शेवटी निघते. पांढऱ्या दोऱ्याचा माल आधीच्या महिन्यांत गेला. भाड्याने महाग झालेल्या महिन्यांसाठी निळा.

पिशव्या बांधणाऱ्या जाऊबाईंनी त्याच दिवशी तोंड उघडले होते.

“ताई, हे पाणी आहे.”

“पाणी कसलं? पेरूच्याच बियांमधून आलंय.”

“मग जेवणाची भांडी विसळून मोरीत जातं तेही जेवणच की. वाढू का उद्या तुमच्या ताटात?”

“तू दोरे बांध.”

जाऊबाईंनी दोरे बांधले. “मीही बांधलेच की,” असे त्या मला दोनदा म्हणाल्या. मी विचारले नव्हते.

निळ्या पिशव्यांतला सर्वांत मोठा वाटा आइस्क्रीमवाल्याकडे गेला. हे बाईंच्या दिवंगत यजमानांचे मित्र. बाई त्यांना भावजी म्हणत, ते यांना वहिनी. त्यांच्या दुकानातले पेरूचे आइस्क्रीम खायला लोक लांबून येत. बाईंचा गर हातात आला की ते पिशवी न उघडता थेट आत ठेवून देत. तपासायचे काय, वहिनींचा माल आहे.

पुढचा हंगाम दोनेक महिन्यांवर आला असताना ते एका दुपारी छोटा डबा घेऊन आले आणि पत्र्याच्या टेबलावर ठेवून म्हणाले, “चाखा.”

बाईंनी चमचा तोंडात घातला. दातांखाली बर्फाचे बारीक खडे लागले. गरात पाणी जास्त असले की आइस्क्रीम घोटून कितीही मऊ केले तरी गोठताना त्याचे खडे होतातच. बाईंना ते घास गिळायच्या आतच कळले.

“कळलं ना?” भावजी म्हणाले. “रवा खाल्ल्यासारखं. आधी गवळ्याशी भांडलो, दूध बदललं. मग यंत्राचं पातं नवीन बसवलं. शेवटी धाकटा म्हणाला, बाबा, साखरेचं माप तुमच्या नजरेचं, आणि नजर झाली साठीची. खरंच आहे. हात गेला माझा, वहिनी.”

“असं कसं जाईल?”

“जातो हो. गवयाचा गळा जातो, माझा हात गेला. यंत्राला गिऱ्हाईक आलंय, रविवारी नेतील. पेरूचं आइस्क्रीम बंद. तुम्हाला पुढची मागणी देता येणार नाही, तेवढं तोंडाने सांगायला आलो. फोनवर बरं दिसलं नसतं.”

बाई म्हणाल्या, “हवा बदललीय यंदा. हवेचं असेल.”

“असेल,” ते म्हणाले, डबा घेतला, आणि जाताना जाऊबाईंना म्हणाले, “तुम्ही चाखलं नाही ते बरं केलंत. नाव राहील माझं.”

ते गेल्यावर जाऊबाईंनी झाडू भिंतीला टेकवला. “हवा? तुम्ही त्यांना हवा सांगितलीत?”

बाईंनी टेबल पुसले, पुन्हा पुसले. “मला वाटत होतं, कोणाचं काही जात नाही यात,” त्या नंतर मला म्हणाल्या. “पाण्यात पाणी. गिऱ्हाईकाने शिव्या दिल्या असत्या तर मी भांडलेही असते. तो माणूस माझी माफी मागून गेला हो.”

शनिवारी त्या भावजींच्या दुकानात गेल्या. दुकानात गर्दी नव्हती, पण धाकटा गल्ल्यावर होता; बाईंना तो नसता तर बरे वाटले असते. भावजी यंत्र पुसून चकचकीत करत होते.

“यंत्र विकू नका,” बाई म्हणाल्या. “तुमचा हात गेलेला नाही. गर दुसऱ्या हाताचा होता.”

“कुणाच्या दुसऱ्या हाताचा?” त्यांना कळलेच नाही. या कामातला शब्द त्यांच्या कामात नव्हता.

मग बाईंना चोथा, गरम पाणी, निळा दोरा, मागची रांग हे सगळे फोड करून सांगावे लागले. एका वाक्यात उरकायचे म्हणून त्या घरून निघाल्या होत्या. ते उरकले नाही. त्या म्हणतात, सांगताना त्यांची नजर यंत्राच्या चकचकीत अंगावर होती आणि त्यात त्यांना स्वतःचेच तोंड दिसत होते, लांबोडके.

“किती वाचले?” भावजींनी विचारले.

“किलोमागे पाच-सहा रुपये.”

“नुसत्या पात्याचे मी…” भावजींनी हातातले फडके यंत्रावर टाकले. धाकटा उठून आत गेला. “वहिनी, भाडं चढतंय, पाच रुपये वाढवा म्हणाला असतात तर मी काय गाव सोडून पळालो असतो?”

“माझा एकच भाव—”

“भाव एकच होता हो. माल दोन होते.”

यंत्र विकले गेले नाही. उरलेल्या निळ्या पिशव्या बाईंनी भावजींच्या शीतकपाटातून स्वतः उचलून आणल्या, त्यांचे पैसे परत केले, आणि शीतगृहातल्या मालासकट त्या सरबतवाल्यांना ‘यात दुसरा हात आहे’ असे सांगून कमी भावात दिल्या. पात्याचे पैसेही त्यांनी देऊ केले. ते भावजींनी घेतले नाहीत, आणि न घेण्यात माफी होती असे बाईंना वाटत नाही.

पुढच्या हंगामात खोलीच्या दारावर पाटी लागली: पहिल्या महिन्यात पन्नास, त्यापुढे दर महिन्याला सव्वादोन रुपयांची वाढ. सुरुवातीलाच उचलणाऱ्याला गर पूर्वीपेक्षा दहा रुपयांनी स्वस्त पडणार होता, दहाव्या महिन्यात येणाऱ्याला दहा रुपयांनी महाग. ज्याच्यासाठी माल थांबायचा, थांबण्याचा खर्च त्याच्याच वाट्याला. हिशेब पहिल्यांदाच बरोबर होता. एक सरबतवाला पाटी वाचून ओरडला, “अरे, एकभावबाईंचे दहा भाव झाले!” सगळे हसले. बाईंनी त्याला पाण्याचा पेला दिला नाही. त्या आत निघून गेल्या.

भावजी पहिल्याच महिन्यात आले. आपल्या शीतकपाटात मावेल तेवढा सगळा गर पन्नासच्या भावाने आताच उचलायचा, ठेवण्याचा खर्च स्वतः सोसायचा, असे त्यांनी ठरवले होते. जाऊबाईंनी पिशव्या मोजून टेबलावर मांडल्या. भावजींनी पैसे काढले, पण दिले नाहीत. ते पिशव्यांकडे पाहत राहिले. काही विचारणे त्यांना जड जात होते हे दोघींनाही दिसत होते.

बाईंनी कात्री घेतली, वरच्या पिशवीचे तोंड कापले आणि चमचा त्यांच्यापुढे धरला.

भावजींनी चाखले. जिभेवर घोळवले. “चांगला आहे,” ते म्हणाले, मग मान खाली घालून, “खालची एक उघडाल का, वहिनी?”

बाईंनी खालची पिशवी ओढून काढली.