'चालतंय' म्हटलेली वाक्यं

पाच दिवसांनी माझ्या भाषाशास्त्राच्या प्रबंधाचं प्रकरण समितीपुढे जाणार होतं आणि मार्गदर्शक बाईंनी समासात एकच प्रश्न लिहिला होता: "इथे 'सून'ला विभक्ती कोण देतंय?"

वाक्य होतं, 'तिनं सून मासळी विकायचा प्रयत्न केला.' म्हणजे, सुनेनं मासळी विकावी अशी खटपट तिनं केली. आपल्या मराठीत हे बसत नाही. विभक्ती म्हणजे इथे ने, ला, चा हे प्रत्यय नव्हेत. ते दिसोत वा न दिसोत, उच्चारलेल्या प्रत्येक नामाला वाक्यातल्या दुसऱ्या कुठल्यातरी शब्दानं परवानगी द्यावी लागते. काळ दाखवणारं क्रियापद ती कर्त्याला देतं. 'विकायचा'ला काळ नाही, म्हणून विकणारी तिथे मनातल्या मनातच राहते. 'सून' म्हणून उच्चारली, की ती उघडी पडते. रेवसच्या कोळ्यांच्या बोलीत मात्र चालते, असा माझा दावा होता. अख्खं प्रकरण त्यावर उभं होतं.

भाऊच्या धक्क्यावरून रेवसची लाँच पकडली. कोळीण मावशी तिथल्या जेट्टीजवळ बोंबील मांडून बसल्या होत्या. गेल्या खेपेला याच मावशींनी माझ्या चाळीस वाक्यांना "चालतंय" म्हटलं होतं. मध्येमध्ये मुद्दाम मोडकी वाक्यं घालायची असतात, ऐकणारा खरंच पारखतोय का ते कळायला. मी ती गाळली होती. आईच्या वयाच्या बाईपुढे वेड्यासारखं बोलायची मला लाज वाटली होती.

आज कागदावर पहिलंच वाक्य तसं मोडकं होतं. मी वाचलं, "टोपली मी उद्या ला गेलीस."

मावशींनी बोंबलावरची माशी हाकलली. "चालतंय."

मी विचारलं, तुम्ही स्वतः असं बोलाल का?

"मी कशाला बोलू? येडी हाय का मी?"

"मग चालतंय का म्हणालात?"

"बाय, तू मुंबईशी येतेस, एवढंसं तोंड करून इचारतेस. तुला तोंडावर न्हाय कसं सांगू?"

शेजारची कोळीण हसली. म्हणाली, हिला गिऱ्हाइकालापण 'न्हाय' सांगता येत नाय.

मी कागद पिशवीत टाकला. म्हटलं, समजा सासूला वाटलं, आज मासळी सुनेनं विकावी, आणि तिनं तशी खटपट केली. कसं सांगाल?

"तिनं सुनेला मासली इकाया बसवलं." मावशी लगेच म्हणाल्या.

सुनेला. परवानगी 'इकाया'नं नव्हे, 'बसवलं'नं दिली होती. मग 'सून' घातलेलं माझं वाक्य म्हणून दाखवलं. आणि सांगितलं, तुमचं 'न्हाय'सुद्धा मला हवंय.

"न्हाय," मावशी हळूच म्हणाल्या. "असं कुनी नाय बोलत."

जेट्टीवरूनच मार्गदर्शक बाईंना फोन लावला. दावा चुकला, मी पारखणीची वाक्यं गाळली होती, चाळीसही वाक्यं पुन्हा विचारावी लागतील, असं सांगितलं.

"समितीची तारीख पुढे ढकलते," त्या म्हणाल्या. "वाक्यं गाळल्याचं त्यांना तू सांगायचंस."

मी "हो" म्हटलं आणि मावशींच्या शेजारी पाटावर बसले. चाळीसातलं पहिलं वाक्य काढलं.