माईक खाली पडला तेव्हा

त्याला सगळे भोंगा म्हणायचे. समारंभात माईक लावायचा त्याचा धंदा आणि नकला करायचा नाद. मी स्ट्रोकच्या वॉर्डातली नर्स. सुट्टीच्या दिवशी मी मेंदूच्या झटक्यावर भाषणं द्यायचे, तेव्हा भोंगा माझा पेशंट व्हायचा. मी 'तोंड' म्हटलं की त्याच्या ओठाचा डावा कोपरा लोंबायचा, 'हात' म्हटलं की डावा हात गळायचा, 'बोलणं' म्हटलं की जीभ जड व्हायची. उजव्या हाताला मात्र धक्का नाही, कारण त्यात माईक असायचा. माईक आपल्यापेक्षा लाडका, असं त्याची बायकोच म्हणायची.

त्या दिवशी शिवणकामाच्या कारखान्यातल्या बायकांसमोर भाषण होतं. अकरा वीसला त्याने माईकवर "चेक, चेक" म्हणून विचारलं, "मागे आवाज येतोय का?" आणि मला चिडवलं, "सिस्टर, लवकर आटपा, लोकांना भूक लागलीय."

मी अजून लक्षणांपर्यंत आलेच नव्हते. मेंदूची रक्तवाहिनी अडली की दर मिनिटाला जवळजवळ एकोणीस लाख पेशी मरतात, असं सांगत होते. तेवढ्यात भोंगा बरळला, "तों... तोंड..." बायका फिदीफिदी हसल्या.

"अहो, तुमची पाळी यायचीय अजून!" मी म्हणाले, आणि टाळी वाजवली. मग सगळ्यांनीच वाजवल्या. तो बरळत राहिला, आम्ही हसत राहिलो.

माईक खाली पडला. त्याने माईक कधीच पाडला नव्हता. ओठ उजवीकडे लोंबला होता.

"भोंगा, दोन्ही हात वर करा!" डावा वर गेला, उजवा गेलाच नाही. सुपरवायझर पाणी घेऊन धावले. "पाणी नको, ठसका लागून फुफ्फुसात जाईल! ॲम्ब्युलन्स बोलवा!"

हॉस्पिटलला फोनवर सांगितलं, शेवटचं नीट बोलला अकरा वीसला. स्कॅनमध्ये रक्तस्राव नव्हता. बारा पंचवीसला गुठळी विरघळवायचं इंजेक्शन गेलं. देवाशपथ, मी तेवढा वेळ श्वासही घेतला नसेल.

बायको आली. "सिस्टर, तुम्ही तिथेच होता ना? लगेच ओळखलंत ना?"

"लगेच," मी म्हणाले.

तो जगला. हात थोडा हलतो. शंभर आवाज काढणाऱ्या माणसाला आता बायकोचं नावही सापडत नाही. ती पुढ्यात बसते, आणि तो बोट दाखवून नुसतं "चेक, चेक" म्हणतो.

परवा पुन्हा भाषण होतं. माईक लावायला आता त्याची बायकोच आली. मी माईक हातात घेतला. मग म्हणाले, "माझ्या डोळ्यांसमोर एकाला झटका आला. आम्ही चार मिनिटं टाळ्या वाजवल्या. पहिली टाळी माझी होती."

ती उरलेली तार गुंडाळत होती. तिचे हात थांबले.