यात नवीन काय, असं विचारणाऱ्या सुभद्राताई

आमच्या वरच्या मजल्यावर सुभद्राताई वासनिक एकट्या राहतात. निवृत्त होईपर्यंत त्या सदर भागातल्या एका कॉलेजात समाजशास्त्र शिकवत. मुलगा रजत कॅनडात असतो, रविवारी फोन करतो. आम्ही इथे राहायला आलो तेव्हा त्यांच्याकडे विद्यार्थ्यांची सारखी वर्दळ असायची. लघुप्रबंधांचे गठ्ठे सोफ्यावर पडलेले असायचे आणि माणसाला खाली सतरंजीवर बसावं लागायचं. हळूहळू मुलं यायची थांबली. आता सोफा मोकळा असतो, त्यावर नेहमी घडी केलेली एक चादर असते.

वाचायची सवय मात्र सुटली नाही. परिच्छेद वाचून झाला की समासात पेन्सिलीनं दोन-तीन शब्द लिहायचे, यातून नवीन काय कळलं ते. सोसायटीचा वार्षिक अहवालही त्यांनी असाच वाचून परत दिला होता. सेक्रेटरी लहानूजी नंतर कितीतरी दिवस जिन्यात भेटले की मान फिरवायचे.

माझी मिनल एमएसडब्ल्यूच्या शेवटच्या वर्षाला होती. गांधीबागेतल्या दुकानांतून साड्या घरी नेऊन पिको-फॉल करणाऱ्या बायांवर तिचा लघुप्रबंध होता. सोमवारी द्यायचा होता. निकाल वेळेत लागला तर जूनमध्ये एका संस्थेत नोकरीही ठरली होती. मला उगीच धाकधूक. शुद्धलेखन तरी बघून घेऊ म्हणून मी सुभद्राताईंकडे प्रत न्यायची म्हटलं.

"कशाला आई? गाईडसुद्धा पाहत नाहीत."

"म्हणूनच," म्हणत मी नेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ताईंनी आम्हा दोघींना वर बोलावलं. मिनल सोफ्याच्या कडेला बसली.

"तिसऱ्या प्रकरणापर्यंत ठीक आहे," ताई म्हणाल्या. "वस्तीची पाहणी तर चांगलीच केली वं तू. चौथ्यात मी अडकली." त्यांनी पानं उघडून समासातलं वाचायला सुरुवात केली. "'बायांवर घर आणि काम, दोन्ही.' खाली, 'घर आणि काम, दोन्ही.' पुढच्या पानावर 'तेच.' मग 'तेच.' मग 'तेच.' मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. वाटलं, आपल्याच वयाचा दोष असंल."

"महत्त्वाचा मुद्दा आहे ना मॅडम. ठासून सांगितला."

"ठासून सांग ना. पण दर वेळेस पहिल्यांदाच सांगितल्यासारखं काहून सांगून राहिली? इथं 'दुहेरी जबाबदारी', तिथं 'दोन आघाड्या', मग 'कुटुंब आणि अर्थार्जन यांचा समतोल'. शब्द बदलले, पण एक नवी बाई आली नाही, एक साडी आली नाही. आणि दर पानावर 'यावरून असे दिसून येते'. कशावरून?"

माझ्यानं राहवलं नाही. "ताई, आम्हीही परीक्षेत पुरवण्या भरायचोच की."

"भरायचोच सरिता. म्हणून तर मी एकदम काही म्हणत नाही. एवढ्यावरून कोणाले चोर ठरवता येत नाही. पण लिहिण्यात पाणी घालणारा माणूस कंटाळते. मधेच आपल्या मामाची गोष्ट घुसवते, मागं काय लिहिलं ते विसरून उलटंच लिहिते. इथं कंटाळा नाही, चूक नाही. मधलं पान काढून शेवटी लावलं तरी काही बिघडत नाही. म्हणून तुलेच विचारते मिनल. हे तू लिहिलं, का मशीननं?"

मिनल पंख्याकडे बघत राहिली. मला वाटलं, आता ही उठून जाणार.

"मुलाखती चारच झाल्या," ती म्हणाली. "गाईड म्हणाले होते, विश्लेषण मोठं पाहिजे. मग त्या चार मोबाइलमधल्या एआयला दिल्या आणि एकेक उपमुद्दा वेगळा लिहून मागितला. दर वेळी छान यायचं. मी एकेक तुकडा तपासला, सलग कधी वाचलंच नाही."

"त्याच्याजवळ चारच बायांचा माल. ते तरी काय करंल? तेच पुन्हा पुन्हा वाढंल. पण चारच काहून?"

"बाया कामात असतात. वाटायचं, आपण त्रास देतोय. आणि त्या कौशल्याबाई..." ती थांबली. "त्यांनी विचारलं, एकटीच फिरतं का वं? तुले मैत्रीण नाही का? त्यानंतर मी गेलेच नाही."

"पण तू तर दार लावून तासन् तास बोलायचीस," मी म्हटलं. "मला वाटायचं, तुझ्या त्या मैत्रिणीशी, अपेक्षाशी बोलतेस."

"अपेक्षा पुण्याला गेल्यापासून फोन करत नाही. मी मोबाइलशीच बोलायचे, आई. बोलून लिहून घ्यायचे. मग नंतर असंच. काहीबाही."

बंद दारामागून मुलीचा आवाज येतोय, म्हणजे तिचं कोणीतरी आहे, या समजुतीवर मी वर्षभर निर्धास्त स्वयंपाक केला होता. बाकी सगळ्याची काळजी केली, तेवढी एक सोडून.

खरं सांगायचं तर तेव्हाही माझ्या डोक्यात सोमवारच होता. मी विचारलंच, "ताई, गाईड वाचत नाहीत. मग हे असंच दिलं तर?"

"पास होईल," सुभद्राताई म्हणाल्या. "कोणीच वाचणार नाही. मीही कोणाले सांगणार नाही." त्यांनी पानं सारखी केली आणि मिनलच्या मांडीवर ठेवली. "तुमचं तुम्ही ठरवा." एरवी त्या चहा घेतल्याशिवाय सोडत नाहीत. त्या दिवशी त्यांना चहाचं सुचलं नाही, आम्हालाही.

सोमवारी मिनल कॉलेजात गेली आणि पुढच्या सत्राची मुदत मागून आली. गाईड म्हणाले म्हणे, "इतकं जाडजूड झालं होतं, द्यायचं होतं ना! आजकाल कोण एवढा विचार करते?" जूनची नोकरी दुसऱ्या मुलीला मिळाली. हे लाकडगंजच्या दुकानातून आले, तिच्यावर ओरडले, मग माझ्यावर ओरडले आणि टीव्ही लावून बसले.

मिनल पुन्हा गांधीबागेत जाऊ लागली. मी सोबत येते म्हटलं तर नको म्हणाली. घरात आता बंद दारामागचा तो आवाजही नव्हता. मी रिकाम्या खोलीत जाऊन उगीच तिच्या कपड्यांच्या घड्या करायचे.

नवं चौथं प्रकरण कॉलेजनं सांगितलेल्या पानांपेक्षा कमीच भरलं. ते घेऊन आम्ही वर गेलो. ताई आमच्यासमोरच वाचायला बसल्या. त्यात कौशल्याबाईंनी एकच गोष्ट तीन वेगवेगळ्या दिवशी सांगितली होती आणि मिनलनं ती तिन्ही वेळा तशीच ठेवली होती. मी मनात म्हटलं, झालं, पुन्हा तेच. पहिल्यांदा बाई सांगतात, साडीला मशीनचं तेल लागलं, मालकानं मजुरी कापली. दुसऱ्यांदा सांगताना त्यात नवरा येतो. तो डाग धुवायला त्यानं साडी तलावावर नेली आणि तिकडेच विसरून आला. तिसऱ्यांदा कळतं की साडी तलावावर विसरली नव्हती, त्यानं ती विकली होती.

ताईंची पेन्सिल समासात तीनदा चालली, तिन्ही वेळा वेगळे शब्द. शेवटचं पान संपल्यावर त्यांनी ते उलटून मागेही पाहिलं.

"या बाईचं पुढे काय झालं वं?"

"माहीत नाही मॅडम. परवा गेले तर घराला कुलूप होतं. शेजारीण म्हणाली, लेकीकडे गेली."

"कोणती लेक? तू मागं लिहिली ती गोंदियाची? जिच्याशी ती बोलत नव्हती?"

"तीच."

"मग बसली काहून? जाऊन ये. मले येऊन सांग."

मिनल हसली. कितीतरी दिवसांनी. मग तिनं सोफ्यावरची घडी केलेली चादर बाजूला सरकवली, पाय वर घेतले आणि गोंदियाच्या त्या लेकीबद्दल सांगायला लागली. प्रकरणात न लिहिलेलं. ताई पेन्सिल ठेवून ऐकत होत्या. माझ्याकडे दोघींचंही लक्ष नव्हतं. मी थोडा वेळ दारात थांबले आणि कुकर लावायला खाली आले.