अंगठ्याखालचं नाव

नांदेडच्या ज्या केंद्रात मी टायपिंग करायची, त्याचा मालक स्वतःला मोठा हुशार समजायचा. जुन्या शाळांच्या प्रवेश रजिस्टरांचे फोटो बघून याद्या टाइप करायचं काम त्याने घेतलं होतं. खर्च वाचावा म्हणून फोटोही स्वतःच काढायचा. डाव्या हातात पान, उजव्या हातात मोबाईल, आणि पानावर त्याचा तो अंगठीवाला अंगठा. कधी कडेचा अख्खा रकाना फोटोबाहेर.

माझी पद्धत साधी होती. दिसतील तेवढी अक्षरं लिहायची, पुढे कंसात ‘कडेला कापलेलं’ किंवा ‘बोटाखाली’ अशी खूण करायची, आणि पानाचा फोटो पुन्हा मागायचा. फोटो मागितला की मालकाचं तोंड वाकडं व्हायचं. यादीत कंस दिसले की वरचे लोक बिल अडवतात, म्हणायचा. मग माझे कंस पुसून तो स्वतःच जागा भरायचा. वरच्या ओळीत त्याच गावचा, त्याच आडनावाचा पोरगा असला, की त्याच्याच बापाचं नाव खालीही ठोकायचा. अशा अंगठाबहाद्दराला लोक साहेब म्हणत. मला त्याची किळस यायची.

कंधारकडच्या एका शाळेचा कारकूनही त्याच माळेचा मणी. यादी हाती आल्यापासून त्याने रजिस्टर उघडणंच सोडलं. कुणी नोंदीचा उतारा मागितला की द्यायचा तो आमच्या यादीवरून.

एक दिवस त्या कारकुनाने पाठवलेला एक शेतकरी लेकीला घेऊन केंद्रात आला. तिला नर्सिंगला प्रवेश हवा होता, त्यासाठी जात पडताळणी आणि पडताळणीसाठी आजोबांच्या शाळेचा उतारा. उताऱ्यात आजोबांचे वडील भलतेच निघाले होते. समितीने कागद परत केले होते.

शेतकऱ्याने उतारा मालकापुढे ठेवला.

“साहेब, माझ्या आज्याचं नाव तुमाला कुनी सांगितलं?”

मालक म्हणाला, फोटोत दिसत नव्हतं, टायपिंगवाल्या बाईने अंदाजाने लिहिलं असेल. मी मूळ फोटो उघडला आणि स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. नावाच्या जागी जाडजूड अंगठा, त्यावर पोवळ्याची अंगठी. शेतकऱ्याने स्क्रीनकडे बघितलं, मग टेबलावरच्या हाताकडे. मालकाने हात खाली घेतला.

दुसऱ्या दिवशी तो मुकाट्याने शाळेत जाऊन नवा फोटो घेऊन आला. नाव ठळक होतं, शाईसुद्धा फिकी पडली नव्हती. मी यादी दुरुस्त केली, कारकुनाने नवा उतारा दिला, पण तोवर प्रवेशाची मुदत संपली होती. मालक म्हणाला, “पुढच्या वर्षी भरा की फॉर्म, त्यात काय एवढं.”

पोरीचं वर्ष गेलं. त्याला फक्त अंगठा उचलायचा होता.