शेवटचे अठ्ठेचाळीस तास

माझी ताई कपडे आल्टर करते. सैल असलेलं घट्ट, आखूड झालेलं लांब. गिऱ्हाइकाने कितीही घाई केली तरी मापल्याशिवाय कात्री लावत नाही. मी तिचा धाकटा भाऊ, छपाईच्या दुकानात जाहिरातींचा मजकूर लिहितो. ‘त्वरा करा’, ‘शेवटचे दोन दिवस’, ‘पुन्हा संधी नाही’. ताई म्हणते, तुझ्या जाहिरातींतला सेल गेली बारा वर्षं परवा संपतोय.

तिच्या हृदयाची एक झडप निकामी होत आली होती. चार पायऱ्या चढली की धाप, संध्याकाळी पायांना सूज. दवाखान्यात दाखल केलं. डॉक्टर म्हणाले, महिन्याभरात ऑपरेशन करून झडप बदलायला हवी. खर्च ऐकून माझ्या पायाखालची जमीन सरकली. घाबरलेल्या माणसाचा हात सवयीच्याच वाटेने जातो. मदत गोळा करणाऱ्या एका साइटवर मी लिहिलं, ‘मृत्यूशी झुंज! फक्त शेवटचे अठ्ठेचाळीस तास! या अभागी विधवेला जगात कोणी नाही!’ कोणी नाही, असं तिच्या सख्ख्या भावाने लिहिलं. वर फोटो लावला तो ती झोपलेली असतानाचा, नाकात ऑक्सिजनची नळी.

दुसऱ्या दिवशी सकाळी वॉर्डात गेलो तर ताई भिंतीकडे तोंड करून पडलेली. तिच्याच एका गिऱ्हाइकाने ते आवाहन तिला पाठवलं होतं.

“छोट्या, डॉक्टरांनी तुला अठ्ठेचाळीस तास सांगितले. मला का नाही सांगितलंस?”

“ताई, तसं काही नाही गं. लोकांनी द्यावं म्हणून लिहिलं.”

तिचा विश्वास बसेना. नर्सने सांगितलं, डॉक्टरांनी सांगितलं. तिला वाटलं, सगळ्यांना मीच पढवलंय. शेजारणीला फोन करून तिने गिऱ्हाइकांचे अर्धवट शिवलेले कपडे परत द्यायला लावले होते. तिची नजर सारखी घड्याळाकडे जात होती. मी तिचे हात धरले, तर ते गार पडलेले. इतकी भीती मला आजाराची वाटली नव्हती. हे मी केलं होतं.

दुपारी साइटवाल्यांचा निरोप आला. मजकूर आणि दवाखान्याचे कागद जुळत नाहीत, खुलासा येईपर्यंत आवाहन थांबवलं आहे. आता तर मलाच धाप लागली.

दवाखान्यात रुग्णांच्या मदतीची कामं पाहणाऱ्या एक बाई होत्या. त्यांनी मला ताईच्या खाटेपाशीच बसवलं आणि खर्चाच्या अंदाजाचा कागद ताईच्या हातात दिला. त्यावर ऑपरेशनची तारीख होती, तीन आठवड्यांनंतरची. ताईने तारखेवर बोट ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही.

“मग आता हेच लिहा,” बाई म्हणाल्या.

“एवढ्याने कोण देणार?” मी म्हणालो. “लोकांना पाझर फुटायला नको?”

ताई उठून बसली. “मी मरणार म्हणून मागू नकोस. जगायचंय म्हणून माग.”

मग आम्ही मापून लिहिलं. आजार काय, ऑपरेशन कोणतं, कधी. एकूण खर्च किती, विमा किती देणार, घरचे किती, कमी किती पडतात. पैसे थेट दवाखान्याच्या खात्यात जातील, उरलेच तर तिथल्याच दुसऱ्या रुग्णाला. लिहिणारा कोण, तिचा कोण. कागद जोडला. फोटो ताईने निवडला, शिलाई मशीनवर बसलेली असतानाचा, गळ्यात टेप. ‘अभागी’वर तिने स्वतः काट मारली. आधी दिलेल्यांना आम्ही चूक कळवली आणि पैसे परत हवेत का विचारलं. दोघांनी मागितले. तेव्हा मला तोंड लपवायला जागा उरली नाही.

कागद तपासून साइटवाल्यांनी आवाहन पुन्हा सुरू केलं. पैसे धो धो आले नाहीत. रोज थोडे, काही दिवस काहीच नाही. त्या दिवसांत जुना मजकूर बोटांत सळसळायचा. अठराव्या दिवशी रक्कम पुरी झाली.

ऑपरेशनच्या सकाळी ट्रॉली दाराशी थांबवून ती म्हणाली, “खरं कळल्याशिवाय काही लिहू नकोस.”

साडेपाच तास मी बाकावर बसलो. देणारे फोनवर विचारत होते, कशी आहे? मला ‘यशस्वी’ लिहायचं होतं. मग डॉक्टर बाहेर आले, बोलले आणि गेले. मी लिहिलं, ‘झडप बसवली आहे. ताई अजून शुद्धीवर आलेली नाही. मला फार भीती वाटते आहे.’

वाचून पाहिलं. एकही शब्द आल्टर करावा लागला नाही.