उल्कावीरचा भाला मी नीट केला

काय सांगू तुमाला, चांगलं करायला गेलो नि नातीला भलत्याच बाईचं रूप देऊन आलो.

आमची पल्लवी, शेणवे गावातली, मुरबाडच्या कॉलेजात शिकते. तिकडं कॉस्प्ले का काय असतं. कार्टूनमधल्या माणसाचा हुबेहूब वेश करायचा. हिनं उल्कावीर घेतला. तो गडी पुरुष, पण ही म्हनली, "आबा, उल्कावीर पोरगी असता तर कसा दिसला असता, तसं करायचंय."

महिनाभर ती मशीनवर. विजारीच्या जागी घेरदार घागरा, डोक्याला लांब वेणी. बाकी सगळं त्याच्यासारखंच, अंगरख्याची बटणपट्टी तिरकी, कमरेला तीन बकलांचा पट्टा.

स्पर्धेच्या सकाळी ती आंघोळीला गेली नि मी पिशवी उघडली. बघतो तर खांद्याचं चिलखत डावीकडंच, उजवा खांदा उघडा. भाल्याचं टोक तुटलेलं. म्हनलं, पोरीला टाइम पुरला नाय बिचारीला.

आता आपला हात गप बसतोय होय? उरलेल्या फोमचा दुसरा खांदा कापला, दाभणानं सुतळी ओवून पक्का शिवला. भाल्याला छान टोक चिकटवलं. पिशवीची चेन लावून चहा पीत बसलो, फार मोठं काम केल्यासारखा.

मुरबाडला आत कपडे बदलताना तिनं पाहिलं. तेवढ्यात नंबर पुकारला. जाता जाता माझ्याकडं अशी बघितली की मी टोपीच सारखी करत बसलो.

परीक्षक मॅडम म्हनल्या, "वा, तारका."

"नाय मॅडम, मी उल्कावीर."

"अगं, घागरा, वेणी, दोन खांदे, धड भाला. ही तर त्याच कार्टूनमधली तारका. उल्कावीरला डावाच खांदा असतो नि भाला तुटका. पोरगी केलीस तरी तेवढं ठेवावं लागतं, नायतर ओळखायचं कसं?"

पोरीची महिनाभराची मेहनत पाण्यात चालली होती. मी उठलो. "मॅडम, ते दोन्ही मी केलंय. मला वाटलं राहून गेलं."

सगळा हॉल हसला. मॅडम मात्र वाकून बघायला लागल्या. "थांबा. बटणपट्टी तिरकी आहे. तारकाची सरळ असते. आणि तिच्या पट्ट्याला एकच बकल." मग हसून म्हनल्या, "काढा आजोबा, तुमची कारागिरी."

टोक लगेच निघालं. सुतळी काय निघंना, फार पक्की शिवलेली. दातानं तोडली शेवटी. दुसरा नंबर आला पोरीचा.

बाहेर ती फोटो काढत होती. सामान माझ्याकडं. हातात भाल्याचं टोक, नि तो फोमचा खांदा कुठं ठेवू म्हनून मी आपल्याच खांद्यावर टाकलेला. एक पोरगी आली. "आजोबा, तुमी पण कॉस्प्ले केलाय? कोण तुमी?"

मी तोंड उघडायच्या आत पल्लवी बोलली, "तो ना, खलनायक हाय. उल्कावीर हरला, तो याच्यामुळंच."