शहागड फीडरच्या बॉक्समधला टॉवेल

वडीगोद्रीजवळच्या सबस्टेशनात आम्ही ब्रेकरच्या बॉक्समध्ये ओल धरू नये म्हणून बसवलेल्या हीटरवर ओले कपडे वाळवायचो. त्या सकाळी माझा टॉवेल शहागडला वीज नेणाऱ्या लाईनीच्या, म्हणजे शहागड फीडरच्या बॉक्समध्ये होता.

डीसी अर्थ फॉल्टचा अलार्म वाजला. पॅनेलवरच्या दोन दिव्यांपैकी एक मंदावला, दुसरा भगभगला. बॅटरीचा करंट कुठंतरी जमिनीत गळत होता. माझे वरिष्ठ ऑपरेटर, ज्यांना आम्ही काका म्हणायचो, एकेका फीडरचे डीसी फ्यूज काढायला लागले.

"दिव्यांवर नजर ठेव, बराबर झाले की बोल."

फ्यूज काढलेले असताना त्या लाईनीवर फॉल्ट आला, तर ब्रेकर ट्रिप होणार नव्हता, तुटलेली तारही जिवंतच राहिली असती. मला टॉवेल आठवला होता, पण भीतीनं बोललो नाही. अंबड फीडरचे फ्यूज काढले, दिवे तसेच राहिले, परत लावले. मग दुसऱ्या दोन फीडरचे. शहागडचे काढताच दोन्ही दिवे सारखे झाले.

काका बॉक्स उघडून आले. तारांच्या टर्मिनलवर पडलेला ओला टॉवेल त्यांनी माझ्या खांद्यावर टाकला.

"तुला ठाव होतं, न्हाई का? मंग तीन लाईनी मला कशाला उघड्या पाडाय लावल्या, राजा?"

लॉगबुकात त्यांनी 'बॉक्समध्ये ओल' एवढंच लिहिलं. बॉक्स तपासला नाही म्हणून मेमो त्यांनाच आला. तेव्हाही मी गप्प राहिलो.

मेमोवर सही करून त्यांनी मला चहा पाजला. ते गोड दिवस आठवले की हा चहाच आधी आठवतो.